तीन वाक्यं आणि परत न करायचा डबा

गुरुवार, रात्री पावणेअकरा

उद्या मेधाचा वाढदिवस. बाळ आज 23 दिवसांचं झालं. ती माहेरीच आहे. परवा काकूंशी दोन मिनिटं बोलले, तर म्हणाल्या, "अगं, दर दोन तासांनी उठतंय, आणि संध्याकाळी सात ते दहा खाली ठेवूच देत नाही." तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला बरीच बाळं अशी एकदम भुकेजतात. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजायचं, दर वेळी अर्धा-पाऊण तास, मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायची, लंगोट बदलायचा. तोवर पुढची वेळ आलेलीच असते. मेधाला सलग दीड तास झोप मिळत असेल तर नशीब.

तिच्यासाठी मेसेज लिहायला बसले. पहिल्यांदा जे उतरलं ते असं: "हॅपी बर्थडे मेधा! कशी आहेस? बाळ काय म्हणतंय? फोटो पाठव ना. काही लागलं तर हक्कानं सांग. संध्याकाळी फोन करते."

वाचून पाहिलं आणि पोटात कालवलं. पाच ओळींत मी तिला पाच कामं लावली होती. 'कशी आहेस' याचं खरं उत्तर लिहायला तिला ताकद नाही आणि खोटं लिहावंसं वाटणार नाही. फोटोसाठी उजेड, बरं दुपटं, जागं बाळ एवढं सगळं जुळून यावं लागतं. 'काही लागलं तर सांग' हे मला मदत वाटत होतं, पण काय लागतंय ते आठवायचं, कुणाला सांगायचं ते ठरवायचं, हे सगळं तिच्यावरच. आणि संध्याकाळी फोन, तोही बरोबर सात ते दहामध्ये!

माझं बाळ 18 दिवसांचं असताना माझा वाढदिवस आला होता. सगळ्यांनी प्रेमानंच लिहिलं होतं. पण रात्री तीनला, मांडीवर पोर आणि एका अंगठ्यानं मी 'थँक यू' टाइप करत बसले होते, कारण मेसेज उघडले गेले होते आणि निळ्या खुणा समोरच्याला दिसल्या होत्या. एकीनं लगेच विचारलं, "अजून जागीच?" तेव्हा मला रडू फुटलं. ती रात्र मी विसरलेले नाही.

म्हणून प्रश्नचिन्ह एकही नको. 'वेळ मिळाला की उत्तर दे' हेही नको, ती उधारीच. 'आता आई झालीस' नको, कारण गेले 23 दिवस तिला सगळे बाळाची आई म्हणूनच ओळखताहेत. हा दिवस मेधाचा आहे. 'हे दिवस परत येत नाहीत' तर अजिबात नको. व्हॉइस नोटही नको, छातीवर बाळ झोपलेलं असताना ती ऐकणार कशी?

खोडत खोडत एवढं उरलं:

"मेधा, वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा. पन्हाळ्यावरचं धुकं आणि त्यात पुढे पुढे चाललेली तुझी पिवळी छत्री आठवतेय. हे वाचलंस की फोन ठेव आणि झोप, उत्तर नकोच आहे."

छत्रीचं वाक्य काढावं का, असं एकदा वाटलं. ठेवलं. त्या दिवशी मी वाट चुकले होते आणि तिची छत्री बघत बघत तटापाशी पोचले होते. तिला ते लगेच आठवेल. त्यासाठी काही करावं लागणार नाही.

पाठवायचा कधी, यावरही बराच विचार केला. रात्री बाराला नाही. सकाळी साडेआठला मालिशवाल्या मावशी येतात. तेल, आंघोळ, शेक, धुरी होईपर्यंत बाळ त्यांच्याकडे आणि मेधाचे दोन्ही हात मोकळे. धुरीनंतर बाळ गाढ झोपतं, तेव्हा तिलाही झोपता येतं. त्या वेळात फोन वाजायला नको. म्हणजे 8:35 ला.

अळिवाचे लाडू वळून झालेत, 12. अळीव दुपारीच नारळाच्या पाण्यात भिजत घातले होते, मग खोवलेला नारळ आणि गूळ घालून मिश्रण घट्ट होईपर्यंत आटवलं. मुद्दाम लहान वळलेत, एका हातानं, एका घासात खाता येतील असे. स्टीलच्या डब्यात भरायला घेतले आणि थांबले. आपल्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत. काकू बिचाऱ्या त्यात काहीतरी भरून पाठवायच्या मागे लागतील. म्हणून श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरले. ओल्या नारळाचे आहेत, म्हणून झाकणावर चिठ्ठी चिकटवली: "फ्रिजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा. डबा टाकून द्या."

सकाळी ऑफिसला जाताना त्यांच्या वॉचमनकडे देईन. बेल वाजवणार नाही.