दुधाळ निळ्या तळ्यावरून जागा शोधताना: न्यूझीलंडच्या पुकाकी तळ्याची नोंद

छायाचित्रातल्या पाण्यावरून जागा ओळखण्याच्या अभ्यासात मी सध्या हिमनद्यांच्या तळ्यांवर थांबलो आहे. या वेळच्या चित्रात दुधाळ निळे तळे, त्याच्या दूरच्या टोकाला गोट्यांचे रुंद पात्र आणि त्यामागे एकच उंच हिमशिखर होते.

हा रंग हिमनदीने दगड घासून केलेल्या अतिसूक्ष्म पिठाचा असतो. जड कण नदीच्या मुखाशी आधी बसतात आणि उरलेले कण प्रकाश विखुरतात, म्हणून पाणी मुखाजवळ करडे व दूरवर निळे दिसते. मात्र कॅमेरा रंग बदलतो. त्यामुळे मी आधी बर्फ किंवा ढग खरोखर पांढरे दिसतात का ते पाहतो, आणि मगच निळ्या छटेवर विश्वास ठेवतो. हिवाळ्यात वितळ कमी होऊन रंगही फिका पडतो, त्यामुळे नुसत्या रंगावर निर्णय देणे मला पटत नाही.

खरा निर्णय तळ्याच्या दिशेने झाला. सावल्या कॅमेऱ्याकडे येत होत्या, म्हणजे सूर्य समोर होता. हे चित्र मध्यान्हीचे आणि दक्षिण गोलार्धातले असेल, तर आपण उत्तरेकडे पाहत आहोत. रस्त्यावरची गाडी डाव्या बाजूने चालली होती आणि उतारांवर पिवळसर गवताचे झुबके होते, त्यामुळे न्यूझीलंडची शक्यता बळावली. अर्जेंटिनातल्या पाटागोनियाची मोठी तळी बहुधा पश्चिमेच्या अँडीजकडून पूर्वेला पसरतात. न्यूझीलंडच्या मॅकेन्झी खोऱ्यातली टेकापो, पुकाकी आणि ओहाऊ ही तळी मात्र उत्तर-दक्षिण पसरली आहेत. त्यांतले ओहाऊ इतके दुधाळ नसते, आणि टेकापोच्या शिरोभागी एकट्याने नजर खेचणारे शिखर नाही. पुकाकीच्या शिरोभागी टास्मन नदीचे पात्र आहे आणि त्यामागे ३,७२४ मीटर उंचीचे आओराकी, म्हणजे माउंट कुक. काठावर पाइनची झाडे दिसली तरी कॅनडाकडे वळू नये; पुकाकीच्या काठावरही लावलेले आणि आपोआप पसरलेले पाइन आहेत.

नेमका बिंदू शोधताना नदीच्या पात्रातल्या गुंफलेल्या प्रवाहांचा उपयोग होत नाही, कारण प्रत्येक पुरानंतर धारा जागा बदलतात आणि उपग्रहचित्र दुसऱ्याच मोसमातले असू शकते. पुकाकीची पातळीही वीजनिर्मितीसाठी खालीवर होते, म्हणून काठाची रेघ जुळली नाही तरी जागा बाद करू नये. मी जवळच्या डोंगराची सोंड दूरच्या शिखराच्या कुठल्या भागाशी जुळते ते पाहिले. दक्षिण काठावर बाजूला सरकत गेल्यास हे जुळणे झपाट्याने बदलते, आणि त्यावरूनच छायाचित्रकाराची जागा काठाच्या एका छोट्या पट्ट्यात आली.

भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यांना मी आता हीच कसोटी लावणार आहे: चिखलातले बारीक ओघळ सोडून बांध, खडक आणि कांदळवनाची कड आधी जुळवायची.