सोमवारचं ‘सोमवारी’ झालं! सूचनापत्रिकेच्या शीटची पुढची खबर

मंडळी, एक्सेलमध्ये तारखेवरून ‘सोमवार’ येतो, ‘सोमवारी’ कसं आणायचं, इथे मागच्या वेळी अडलो होतो. ते सुटलं. आमच्या दांडिया बाजारातल्या भजनी मंडळाची सूचना आता एका तारखेवरून पूर्ण वाक्यात तयार होते, आणि ते वाक्य वाचताना मराठी वाटतं.

तारखेचा मजकूर करणाऱ्या `TEXT` मध्ये `dddd` ने पूर्ण वार, `mmmm` ने पूर्ण महिना आणि आधी `[$-44E]` लावला की दोन्ही मराठीत, इथवर आपण आलोच होतो. पण नुसत्या `dddd` मधून ‘सोमवार’ येतो आणि वाक्याला हवं असतं ‘सोमवारी’. सूचनेत ‘सोमवार सायंकाळी भजन’ असं वाचून आमच्या चिटणीस काकूंनी कागद परत केला होता, आणि त्यांचं बरोबरच होतं. त्यावर ‘सोमवार या दिवशी’ असं लिहून पाहिलं, पण ते कोर्टाच्या नोटिशीसारखं वाटलं. सात वारांची वेगळी यादी करून `CHOOSE` ने उचलता आली असती, पण मग `TEXT` वापरण्यात अर्थ काय राहिला?

गुरुकिल्ली अशी की सातही वार ‘र’ वर संपतात, आणि युनिकोडमध्ये दीर्घ ईची वेलांटी हे स्वतंत्र अक्षरचिन्ह आहे. त्यामुळे ‘र’ च्या मागे ते नुसतं जोडलं की पडद्यावर आपोआप ‘री’ उमटते. मात्र सूत्रात अवतरणचिन्हांमध्ये एकटी वेलांटी टाइप करू नका. ती तुटक वर्तुळावर किंवा शेजारच्या चिन्हावर जाऊन बसते, नीट दिसत नाही आणि सूत्र दुरुस्त करताना हमखास खोडली जाते. तिचा क्रमांक २३६८, तोच द्यावा:

```
=TEXT(A2,"[$-400044E]d mmmm yyyy")&" रोजी, "
&TEXT(A2,"[$-44E]dddd")&UNICHAR(2368)
&" सायंकाळी भजन आहे."
```

A2 मध्ये २६ जानेवारी २०२६ घातली की मिळतं: २६ जानेवारी २०२६ रोजी, सोमवारी सायंकाळी भजन आहे. पहिल्या तुकड्यातल्या `400044E` मधला पहिला ४ आकडे देवनागरी करतो. `UNICHAR` साठी एक्सेल २०१३ किंवा त्यानंतरचं लागतं.

महिन्यांना मात्र ही युक्ती लागू नाही. ‘जानेवारीत’, ‘मार्चमध्ये’, ‘जुलैत’ अशी प्रत्येकाची तऱ्हा निराळी. तिथे मी ‘महिन्यात’ हा शब्द पुढे ठेवतो. ‘मार्च महिन्यात’ कुठेच खटकत नाही.

या जोडणीचा एक अनपेक्षित फायदा झाला. `TEXT` ला तारीख म्हणून न ओळखता येणारा मजकूर दिला, तर तो चूक दाखवत नाही, आहे तसाच परत देतो. कुणीतरी एका ओळीत 26-01-2026 (सोम) असं हाताने लिहिलेलं होतं. आधीच्या पद्धतीत तो घोटाळा वाक्यात लपून गेला असता. आता कंसाच्या मागे एकटी वेलांटी लोंबकळताना दिसली आणि ओळ लगेच सापडली. खात्री करायची तर `ISNUMBER(A2)`. खरी तारीख म्हणजे आत एक संख्याच असते, वरच्या तारखेची 46048.

जुन्या वर्गणीच्या शीटमध्ये ‘प्रत्येक महिना जानेवारीच का येतो’ हे कोडंही याच संख्येमुळे उलगडलं. तिथे असं होतं:

```
=TEXT(MONTH(A2),"mmmm")
```

`MONTH` कडून ऑगस्टसाठी ८ मिळतात आणि `TEXT` त्या ८ ला तारीख समजतो, म्हणजे ८ जानेवारी १९००. बाराही महिने १ ते १२ जानेवारीतच पडतात. शेजारच्या रकान्यात `WEEKDAY` तसाच गुंडाळला होता, पण त्याचे वार बरोबर येत होते, म्हणून कुणाला संशय आला नाही. एक्सेलच्या हिशेबात १ म्हणजे रविवार, आणि `WEEKDAY` सुद्धा रविवारला १ च देतो. निव्वळ योग जुळला. आठवडा सोमवारपासून मोजायला सांगितला, म्हणजे `WEEKDAY(A2,2)` लिहिलं, की सगळे वार एकेक दिवस मागे सरकतात. तारीख थेट `TEXT` ला द्यावी, मधे कुणी नको.

पुढे तारखांचा रकाना वर्षभराचा भरून ठेवणार होतो, पण हे लिहिता लिहिताच दुसरं सुचलं. शेजारच्या सोसायटीसाठी सूचना गुजरातीतही लागते, आणि तिथे ‘सोमवारे’ म्हणतात. तिकडेही सातही वारांच्या शेवटी ‘वार’च, फक्त वेलांटीऐवजी मात्रा. तेव्हा:

```
=TEXT(A2,"[$-447]dddd")&UNICHAR(2759)
```

हे चाललं! आता आधी दोन्ही भाषांची वाक्यं एकाच तारखेवरून शेजारी-शेजारी लावतो, रकाना नंतर. छपाईसाठी निर्मला यूआय फॉन्ट ठेवणार आहे, कारण एकाच फॉन्टमध्ये दोन्ही लिप्या आहेत.