शून्य हिटचा रूल

"फायरवॉलवर त्या रूलचा हिट काउंट शून्य दिसतोय. कुणी वापरतच नाही, मग सरळ उडवून का टाकत नाही?"

कारण शून्य कधीपासूनचं आणि कशामुळे, हे तो आकडा सांगत नाही. सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात मी हे काम केलं, त्याचंच उदाहरण देतो.

लिनक्सवरची फायरवॉल, दोनशेच्या वर रूल. आम्ही ऑगस्टमध्ये बसलो आणि आधी मोजणी काढली:

```
iptables -L FORWARD -v -n --line-numbers
```

६१ नंबरचा रूल होता ऊस वजनकाट्यावरच्या कॉम्प्युटरांसाठी: 10.20.8.0/24 मधून डेटाबेस सर्व्हर 10.50.1.10 कडे, फक्त पोर्ट 1433. त्याच्यासमोर शून्य. काटा ऑगस्टमध्ये बंदच असतो, गाळप ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होतं. शिवाय जूनमध्ये फायरवॉल रीस्टार्ट झाली होती, त्यामुळे मोजणीही तेव्हापासूनचीच.

पण खरं कारण वर होतं. १४ नंबरचा रूल अख्ख्या 10.20.0.0/16 ला त्याच सर्व्हरवर सगळे पोर्ट मोकळे करत होता. फायरवॉल वरून खाली वाचते आणि जो रूल आधी जुळेल तिथेच थांबते. म्हणजे भर हंगामात, गाड्यांची रांग लागलेली असतानाही ६१ चा आकडा शून्यच राहिला असता. तो १४ च्या सावलीत होता.

६१ काढला असता तर त्या दिवशी काहीच बिघडलं नसतं, हे खरं. पण त्या दोघांत विचार करून लिहिलेला रूल ६१ आहे आणि घाईत घातलेला १४. जायला हवा होता तो १४. आधी ६१ काढायचा आणि मग ऑगस्टच्या लॉगवरून १४ आवळायचा, असा क्रम धरला असता तर त्या लॉगमध्ये काटा दिसलाच नसता, कारण यार्ड रिकामं. ते कळलं असतं गाळपाच्या पहिल्या दिवशी, काट्यावर बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे असताना.

(६१ हा परवानगीचा नसून अडवण्याचा रूल असता तर गोष्ट वेगळी होती. मग कुणीतरी जे बंद करायचं ठरवलं होतं ते १४ मधून बिनबोभाट जात होतं, असा त्याचा अर्थ. असा रूल उचलून वर ठेवला की चालू काम त्या क्षणी तुटतं. आधी त्या खात्याला विचारावंच लागतं.)

आम्ही ६१ उचलून १४ च्या वर नेला आणि १४ च्या लगेच आधी एक लॉगचा रूल घातला:

```
-s 10.20.0.0/16 -d 10.50.1.10 -j LOG --log-prefix "R14 "
```

लॉगचा रूल जुळला तरी फायरवॉल तिथे थांबत नाही, फक्त नोंद करून पुढच्या रूलकडे जाते. अजून १४ वर कोण विसंबून आहे ते त्यात दिसतं. महिनाभरात अकाउंट्सचे कॉम्प्युटर आणि रात्रीचा बॅकअप सापडला, त्यांचे नेमके रूल १४ च्या वर लिहिले. नोव्हेंबरात काटा सुरू झाला आणि ६१ चा आकडा पहिल्यांदा हलला. त्याच आठवड्यात लॉगमध्ये 10.20.11.0/24 उगवलं. ती शेती विभागाची गट ऑफिसं, ऊसतोडीच्या नोंदी पाठवणारी. ऑगस्टमध्ये त्यांची आठवण कुणालाच झाली नव्हती. मार्चअखेरचे हिशेबही होऊ दिले, आणि १४ काढला तो एप्रिलमध्ये.

काढल्यावर तासभर फोन आला नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी मानत नाही. फायरवॉलच्या सुरुवातीला बहुधा ESTABLISHED,RELATED चा रूल असतो. आधीच जोडलेलं कनेक्शन त्यातूनच जात राहतं, खालचा रूल गेलाय हे त्याला कळतही नाही. शांत पडलेलं टीसीपी कनेक्शनही लिनक्स मूळ सेटिंगनुसार ५ दिवस लक्षात ठेवतो. मग तुटतं ते चार दिवसांनी, रात्री सर्व्हर रीस्टार्ट झाला की, आणि तेव्हा कुणालाच १४ आठवत नाही. म्हणून `iptables-save` ने जुनी प्रत ठेवली, रविवारी सकाळी १४ काढला आणि लगेच जुनी कनेक्शनं विसरायला लावली:

```
conntrack -D -p tcp -d 10.50.1.10
```

यानंतर प्रत्येक कनेक्शनला पुन्हा रूलांमधून जावं लागतं. ज्याचा रूल लिहिलेला आहे ते चालू राहतं, ज्याचा राहिलाय ते आपण समोर बसलेलो असतानाच थांबतं. त्या दिवशी थांबलं एक: स्टोअरमधला कॉम्प्युटर. लॉगच्या आधीपासून उघडं असलेलं त्याचं कनेक्शन नवीन म्हणून कधी नोंदलंच गेलं नव्हतं. त्याचा रूल लिहिला, आणि आता लॉगचा रूल घालतो त्या दिवशीही हीच कमांड चालवतो.