परीक्षेच्या आठवड्यात फोन गेला, नोट्स कशा मिळवल्या – माझा अनुभव

बी.कॉम.च्या शेवटच्या सेमिस्टरची परीक्षा एक आठवड्यावर आलेली आणि माझा फोन गेला. आमचं गाव जांबोटीच्या पुढं, रोज बसनं बेळगावला यायचं, आणि बसमधला तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून मी सगळा अभ्यासच फोनमध्ये ठेवलेला. कॉस्टिंगच्या गणितांचे फोटो, इन्कम टॅक्सच्या नोट्स स्कॅन करून, सरांच्या लेक्चरचं रेकॉर्डिंग, ग्रुपवर आलेल्या पीडीएफ, सगळं. वही म्हणून जी होती ती फक्त क्लासमधल्या खरडण्यापुरती. पुढचं सगळं सविस्तर लिहितेय कारण मला त्या दिवशी कुणीतरी क्रमानं सांगायला पाहिजे होतं की आधी काय करायचं नि नंतर काय, आणि क्रमच सगळ्यात महत्त्वाचा आहे हे मला दादामुळं कळलं.

आरपीडी क्रॉसला उतरले, बसनं स्पीड घेतला आणि हात खिशाकडं गेला तर फोन नाही. मैत्रिणीच्या फोनवरनं लावला तर रिंग जातेय, कोणी उचलत नाही. रिंग जातेय म्हणजे फोन चालू आहे, नेट पण चालू असणार. माझ्या हातात शक्ती योजनेचं झिरो तिकीट होतं, बायकांना बस फ्री आहे तरी कंडक्टर तिकीट देतातच आणि त्यावर डेपो, वेळ सगळं छापलेलं असतं, त्यामुळं सेंट्रल बस स्टँडच्या कंट्रोल रूममध्ये नुसतं "जांबोटीची बस" असं न सांगता कुठली बस ते नेमकं सांगता आलं. तिथल्या काकांनी कंडक्टरला फोन लावून सीटखाली बघायला सांगितलं. नाही मिळाला. रिंग अजून जात होती, उचलत मात्र कोणीच नव्हतं.

तिथनं सरळ अनगोळला मामाच्या घरी. रविवारी मी तिथंच अभ्यासाला असते आणि दादाच्या, म्हणजे मामेभावाच्या, लॅपटॉपवर माझं गुगल अकाउंट क्रोममध्ये उघडंच असतं, व्हॉट्सअ‍ॅप वेब पण जोडलेलं. हे दोन्ही असणं म्हणजे अर्धी लढाई जिंकल्यासारखं होतं, कारण नवीन कॉम्प्युटरवर लॉगिन करायला गेलं की गुगल फोनवर "तुम्हीच आहात का" विचारतं किंवा ओटीपी पाठवतं, आणि फोन तर चोराकडं. दादा पहिल्यांदा एवढंच म्हणाला, "कशातनंच लॉग आऊट होऊ नकोस, आणि घाईनं काही दाबू नकोस."

मी रडत म्हणत होते आधी सिम बंद कर, बाबांचे पैसे यूपीआयला जोडलेत. खरं दादानं आधी google.com/android/find उघडलं. शेवटचं ठिकाण बस स्टँडजवळ दाखवत होतं. तिथनं फोन लॉक करायची कमांड दिली आणि स्क्रीनवर दिसेल असा मामाचा नंबर टाकला. कारण असं की सिम बंद केलं की फोनचं नेट जातं, मग लॉकची कमांड पोचणारच नाही, फोन कुठल्या वायफायला लागला तरच पोचेल. ती दिली, लगेच कस्टमर केअरला फोन करून सिम बंद केलं आणि बँकेला सांगून यूपीआय पण. या तिन्हीत पाच-दहा मिनिटांपेक्षा जास्त अंतर ठेवू नये, कारण सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडं जातात.

त्याच पेजवर फोन इरेज करायचा पर्याय असतो. वर्गातला एकजण म्हणाला इरेज करून टाक, डेटा चोराच्या हाती नको. दादानं नको म्हटलं. इरेज झालं की त्या पेजवर लोकेशन पण दिसायचं बंद होतं, आणि फोन कधी परत मिळाला तरी लेक्चरची रेकॉर्डिंग गेलेलीच असणार. स्क्रीनलॉक चांगलं होतं, बँक बंद झालेली, मग थांबलो.

आता नोट्स. संध्याकाळी मी ठरवलं की नवीन सिम आलं की मम्मीच्या जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू करते. तेव्हा दादानं जे सांगितलं ते माझ्या कुठल्याच मैत्रिणीला माहीत नव्हतं. दुसऱ्या फोनवर तोच नंबर टाकून व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं की आधी जोडलेले सगळे लॅपटॉप आपोआप लॉग आऊट होतात. आणि नव्या फोनवर परत काय येतं तर गुगलवर शेवटचा बॅकअप जेवढा झालाय तेवढंच. माझ्या गावात वायफाय नाही, बॅकअप होतो तो मामाकडं आल्यावर, म्हणजे मागच्या रविवारचा. त्यानंतर ग्रुपवर आलेलं सगळं फक्त या लॅपटॉपवर उरलेलं. फोन बंद असला तरी वेब चालू राहतं, पण चौदा दिवस फोन वापरलाच नाही तर तेही तुटतं.

म्हणून त्या रात्री मी बसून कॉमर्स ग्रुप उघडला, वरच्या नावावर क्लिक केलं, तिथं मीडिया आणि डॉक्युमेंट्स वेगळे दिसतात, आणि एकेक पीडीएफ उतरवून घेत गेले. ताज्या फाईल लगेच यायच्या. जुन्या काही फिरत राहायच्या आणि शेवटी येत नाही म्हणून सांगायच्या, कारण त्या सर्व्हरवरनं गेलेल्या असतात नि फोनमधनंच परत मागाव्या लागतात. अशा फाईलींची नावं कागदावर लिहीत गेले. त्या मैत्रिणींच्या फोनमध्ये होत्याच, सकाळी नावानिशी मागितल्यावर त्यांनी परत पाठवल्या. नुसतं "सगळ्या नोट्स पाठवा गं" म्हटलं असतं तर परीक्षेच्या आठवड्यात कोण शोधत बसणार, नाव दिलं की सर्च करून मिनिटात पाठवतात.

मग गुगल फोटो. तिथं सगळ्यात आधी बघायचं शेवटचा फोटो कुठल्या तारखेचा आहे. माझा रविवार संध्याकाळचा. ड्राइव्हवर स्कॅन केलेल्या टॅक्सच्या नोट्स पण तोपर्यंतच्याच. छोट्या टिपा मी गुगल कीपमध्ये लिहायचे, त्या मजकूरच असल्यामुळं मोबाईल डेटावर पण लगेच चढतात, त्या गुरुवार सकाळपर्यंत जशाच्या तशा होत्या, अगदी बसमध्ये लिहिलेली अर्धवट ओळ सुद्धा. आणि रेकॉर्डिंग काहीच नाही, फोटोचा बॅकअप ऑडिओ घेतच नाही, ते फक्त फोनमध्ये होतं.

हे कळलं तेव्हा खरं म्हणजे मला हायसं वाटलं. सकाळपासनं मी "सगळं गेलं" म्हणत होते, आणि सगळं गेलंच नव्हतं. सोमवार ते गुरुवारचं टाईमटेबल समोर घेतलं तर फोटो गेले ते कॉस्टिंगमधल्या प्रोसेस कॉस्टिंगच्या गणितांचे आणि टॅक्सच्या दोन लेक्चरचे. टॅक्सचं माझ्या कीपमधल्या टिपांवरनं नि पुस्तकावरनं जमणारं होतं. प्रोसेस कॉस्टिंगची गणितं निपाणीच्या मैत्रिणीच्या वहीत होती, ती शहापूरला पीजीत राहते, तिची वही आणून झेरॉक्स काढली. तिच्या वहीत अ‍ॅबनॉर्मल लॉसच्या गणितात सरांनी फळ्यावर केलेली एक पायरी नव्हती, ती आम्ही दोघींनी बसून सोडवली, म्हणजे नॉर्मल लॉसच्या भंगाराची किंमत एकूण खर्चातनं वजा करायची आणि राहिलेल्या रकमेला नॉर्मल आउटपुटच्या युनिटनं भागायचं, तोच दर अ‍ॅबनॉर्मल लॉसला लावायचा. हे मी तोपर्यंत फोटो बघून पाठ केलेलं, त्या दिवशी हातानं केलं.

मधे सिमचं काम. सिम बाबांच्या नावावर, त्यामुळं डुप्लिकेट सिमला त्यांनीच आधार घेऊन अंगठा द्यायला यायला पाहिजे. भाताचं काम सोडून बाबा आले, एक शब्द बोलले नाहीत, फक्त "पेपर कधी हाय?" विचारलं. सिम चालू झालं, फोन यायला लागले, पण एसएमएस नाही. डुप्लिकेट सिमवर चोवीस तास एसएमएस बंदच असतात, नियमच आहे, हे माहीत नसलं की माणूस सिम बदलायला परत दुकानात जातो. बाबांना मी नियम सांगितला नि गावी पाठवलं.

पोलीस स्टेशनला तक्रार कन्नडमधनं. मला कन्नड बोलता येतं, लिहायला जड जातं. तिथले हवालदार "एनातव्वा तंगी?" म्हणाले, म्हणजे काय झालं गं म्हणून विचारलं, मी कन्नडमधनं सांगत गेले नि त्यांनी लिहून घेतलं. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर लागतो, तो खोक्यावर असतो आणि खोका तर गावी कपाटात. पण त्या फाइंडच्या पेजवर फोनच्या नावाशेजारच्या खुणेवर क्लिक केलं की आयएमईआय दिसतो, तो लिहून नेलेला. दोन सिमच्या फोनला दोन नंबर असतात, दुसरा मम्मीनं खोक्यावरनं फोनवर वाचून सांगितला. तक्रारीची प्रत मिळाली आणि एसएमएस सुरू झाल्यावर हरवलेला फोन ब्लॉक करायच्या सरकारी साईटवर, ceir.gov.in वर, फॉर्म भरला, दोन्ही आयएमईआय, तक्रारीची प्रत, ओळखपत्र, आणि हरवलेल्या नंबरवरच येणारा ओटीपी. म्हणूनच सिम आधी, हा फॉर्म नंतर. शेवटी एक रिक्वेस्ट आयडी येतो. ब्लॉक झाला की तो फोन भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही आणि कोणी सिम घालून बघितलं तर पोलिसांना माग लागू शकतो.

सगळ्या पीडीएफ लॅपटॉपवर उतरल्याची खात्री करून मग मम्मीच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप सुरू केलं. दादाचा लॅपटॉप त्याच क्षणी लॉग आऊट झाला, त्यानं सांगितलं तसंच.

कॉस्टिंगच्या पेपरला प्रोसेस कॉस्टिंगचं गणित आलं, अ‍ॅबनॉर्मल लॉससकट, नि ते पूर्ण सुटलं. फोनचा अजून पत्ता नाही. मिळाला तर पोलीस कळवतील आणि त्याच साईटवर अनब्लॉक करावा लागेल, त्याला तोच रिक्वेस्ट आयडी लागतो, तो मी कीपमध्ये लिहून ठेवलाय आणि बाबांनी गावी खोक्याच्या आत चिकटवलाय.