किंग ऑफ पेंटॅकल्सचा पाय अखेर दिसला

मागच्या अपडेटमधला टॅरोचा किंग ऑफ पेंटॅकल्स, म्हणजे नाण्यांचा राजा, आठवतोय ना, प्रेमासाठी मांडलेल्या प्रत्येक लव्ह स्प्रेडमध्ये येऊन बसायचा आणि वाचन "माणूस स्थिर आहे, कमावता आहे, पण ओढ कुठाय" इथंच अडकायचं. आता गाडी पुढं सरकलीय.

आधी डेकचं, म्हणजे कार्डांच्या संचाचं सांगते. स्वस्तातल्या चकचकीत कॉपीत खालचा भाग इतका काळपट छापलाय की राजाच्या द्राक्षांच्या नक्षीच्या झग्याखालचा चिलखतातला पाय दिसतच नाही, मॅट प्रिंट घेतली आणि तो पाय एकदम डोळ्यात भरला. हा डेक ज्यानं आखला त्या वेटनं 1911 च्या पुस्तकात ह्या राजाच्या अर्थात पहिलाच शब्द शौर्य दिलाय, पाय बघितल्यावर तो पटतो. हा नुसता गल्ल्यावर बसलेला शेठ नाही, धग आहे, पण झग्याखाली. त्यामुळं मॅट डेकच घ्या, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

आता खरी केस. मैत्रिणीला स्थळ आलंय, शिरोली एमआयडीसीत स्वतःची फाउंड्री, घर चांगलं, बोलणं मोजकं. रंकाळ्यावर बसून तीन कार्डं काढली, मधे 'तो', डावीकडं 'सुरक्षितता', उजवीकडं 'ओढ'. मधे अर्थातच किंग. ती लगेच, "म्हणजे हो म्हणू काय गं?" मी म्हटलं, थांब जरा, अजून दोन कार्डं आहेत.

राजाची मान आपल्या उजवीकडं, हातातल्या नाण्याकडं झुकलेली असते, म्हणून मी उजवीकडचं कार्ड 'तो बघतोय ते' असं धरते. तिथं आला टू ऑफ कप्स! दोन माणसं समोरासमोर, कप पुढं केलेले. म्हणजे ओढीची जागा कोरडी नाहीच. त्याच्या पाठीमागं, सुरक्षिततेच्या जागी, फोर ऑफ पेंटॅकल्स, एक नाणं डोक्यावर, एक छातीशी कवटाळलेलं, दोन पायांखाली, त्या माणसाला उठताच येणार नाही. ज्या सुरक्षिततेसाठी घरचे मागं लागलेत तिथंच गाठ निघाली, पैसा आहे पण मूठ कुणाची? ही स्वतः शिकवण्या घेते, तिच्या कमाईवर हात कुणाचा राहणार, हा प्रश्न तिनं त्याला समोरासमोर विचारायचा ठरवलाय.

एक मर्यादा मात्र मी पाळते, 'तो' ह्या जागेवरचं कार्ड म्हणजे तिला दिसणारा तो, त्याच्या मनात काय आहे ते कार्डावरून ठरवायचं नाही.

खरं तर पुढच्या वेळी किंगवर क्लॅरिफायर, म्हणजे खुलाशाचं जादा कार्ड, काढायचा होता, पण लिहिता लिहिता वाटतंय की त्यापेक्षा 'ती' ची वेगळी जागा किंगच्या खाली ठेवावी, तिला स्वतःला किती धग लागते ते आधी कळेल. तिथं धगधगती वाँड्सची क्वीन आली तर टू ऑफ कप्सचा संथपणा तिला पुरेल का, हे बघायचंय. रिव्हर्स्ड, म्हणजे उलटं आलेलं कार्ड वाचणं, तूर्तास बंद, राजाच्या नजरेची दिशाच उलटते. कुणी ही मांडणी करून बघितली तर राजाशेजारी आपल्या उजवीकडं काय आलं तेवढं नक्की सांगा.