अडीच वाजता, पंधरा मिनिटं

स्वीडिश सहकाऱ्याला कॉफीला बोलवायचा मेसेज तीन ओळींच्या वर गेला, की समजावं काहीतरी बिनसलंय. आणि आपला मेसेज हमखास तीन ओळींच्या वर जातो. आधी सुप्रभात, मग ‘मजेत असाल अशी आशा’, मग ‘त्रास देतोय, माफ करा’, आणि सगळ्यात शेवटी, जवळजवळ लाजत, ‘कधीतरी वेळ असेल तर कॉफी घेऊ, तुमच्या सोयीनं, तुम्ही म्हणाल तिथं’. आपल्या लेखी ही अदब. स्टॉकहोमच्या ऑफिसात बसलेल्या अ‍ॅनाच्या लेखी हे काम. आता तिनं कॅलेंडर उघडायचं, दिवस शोधायचा, जागा ठरवायची, आणि एवढी प्रस्तावना कशासाठी याचाही विचार करायचा. राजीनामा देतोय की काय हा? कुणाची तक्रार आहे? साध्या कॉफीला एवढं नमन कुणी करत नाही, म्हणून तिला शंका येते. उत्तर लांबतं, आणि इकडे आपण समजतो की बाई आखडू आहे.

खरं तर तिथं कॉफीला बोलवायला कारण लागतच नाही. फीका, म्हणजे कॉफीची छोटी सुट्टी, हा कामाच्या दिवसाचाच भाग असतो. सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास एकदा, दुपारी अडीच-तीनला एकदा. मोठ्या मगात फिल्टरची काळी कॉफी, सोबत जमलं तर दालचिनीचा बन किंवा बिस्किट. कॉफी चालत नसेल तर चहा घ्या, कुणी भुवया उंचावत नाही. बऱ्याच ऑफिसांत त्यासाठी वेगळी खोलीच असते, ‘फीकारुम’. लोक कामाचं बोलतात, हवेचं बोलतात, उन्हाळी घराच्या गळक्या छपराचं बोलतात, आणि पंधरा-वीस मिनिटांत कप डिशवॉशरमध्ये ठेवून उठतात. आमंत्रण द्यायचं ते या पंधरा मिनिटांचं. मेसेजही त्याच मापाचा हवा:

```
Hej Anna! Hinner du med en fika idag?
Fikarummet 14.30, en kvart räcker.
Annars en annan dag!
```

म्हणजे: आज फीकाला वेळ होईल का, फीकारुममध्ये, अडीचला, पाव तास पुरे, नाहीतर पुन्हा कधी. ऑफिसची भाषा इंग्रजी असेल तर इंग्रजीत लिहा. फीका हा शब्द मात्र तसाच ठेवावा, तो आला की बाकीचं स्पष्टीकरण लागत नाही. सुरुवातीला ‘हे’, म्हणजे आपलं ‘नमस्कार’, आणि नुसतं पहिलं नाव. सर नाही, मॅडम नाही, आडनावही नाही. 1960च्या दशकाच्या अखेरीपासून तिथं सगळे सगळ्यांना ‘दू’ म्हणतात, म्हणजे आपलं ‘तू’, कंपनीच्या प्रमुखालाही. आपल्याला हे पहिल्यांदा लिहिताना बोट अडखळतं. पण आदर दाखवायला लावलेलं सर तिथं अंतर ठेवल्यासारखं वाचलं जातं, म्हणून तेवढं बोट रेटावंच.

त्या मेसेजात सगळ्यात कामाचं आहे ते ‘हिन्नर दू’. येतेस का असं न विचारता, वेळ होईल का असं विचारलंय. फरक बारीक दिसतो, पण नकार देणाऱ्याची सगळी सोय त्यात आहे. नाही म्हटलं तर ते वेळेला नाही, माणसाला नाही. शेवटची ओळ हीच सोय आणखी पक्की करते: आज नाही जमलं तरी काही बिघडत नाही, हे तिनं विचारायच्या आधीच सांगून टाकलंय. ‘पाव तास पुरे’ हे तर सोन्यासारखं. तीनला मीटिंग असलेला माणूस अडीचला पंधरा मिनिटं काढू शकतो. किती वेळ जाईल हे माहीत नसलेला माणूस काढू शकत नाही.

मेसेज एकाच तुकड्यात पाठवावा. नुसतं ‘हे’ टाकून समोरच्याच्या उत्तराची वाट बघत बसायची खोड आपल्याकडच्या चॅटमध्ये फार आहे. पलीकडचा माणूस ते एकाकी ‘हे’ बघतो, काम बाजूला ठेवतो आणि आता काय येतंय म्हणून ताटकळतो. इमोजी एखादा चालतो. कॉफीच्या कपाचा तर छानच.

आता वेळ. 14.30 असं आकड्यात आणि चोवीस तासांच्या घड्याळानं लिहायचं, यात हयगय नको. कारण स्वीडिश माणूस बोलताना अडीचला ‘हाल्व त्रे’ म्हणतो. शब्दशः अर्धे तीन. तीन वाजायला अर्धा तास आहे, असा हिशेब. इंग्रजीच्या सवयीनं ऐकणारा ते साडेतीन समजतो आणि साडेतीनला पोचतो, तेव्हा कप धुऊन झालेले असतात. अडीच हा स्वतंत्र शब्द बाळगणाऱ्या आपल्या भाषेनं तरी इथं फसू नये, पण ऑफिसात आपलंही डोकं इंग्रजीत चालत असतं. शिवाय 14.30 म्हणजे 14.30. दोन मिनिटं आधी पोचलेलं चांगलं, पाच मिनिटं उशीर होणार असेल तर तसं कळवायचं. ‘निघालोच’ हा आपला सर्वसमावेशक शब्द तिथं खरोखर निघाल्यावरच वापरावा.

वेळ निवडतानाही थोडं भान हवं. जेवणाची सुट्टी साडेअकरापासूनच सुरू होते, त्यामुळे बाराची कॉफी म्हणजे लोकांच्या ताटावर बसणं. चारची तर सुचवूच नये. पाळणाघरातून मुलांना आणायला आई आणि बाप दोघंही पाळीपाळीनं साडेतीन-चारलाच ऑफिसातून निघतात, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. सकाळचा साडेनऊ किंवा दुपारचा अडीच, या दोन खिडक्या सोडून बाहेर जाऊ नये. संध्याकाळचं किंवा शनिवारचं आमंत्रण ही वेगळी गोष्ट होते. स्वीडनमध्ये पहिल्यांदा भेटू पाहणारी जोडपीही फीकालाच भेटतात. ऑफिसच्या वेळेत, ऑफिसच्या खोलीत बोलावलं तर तसा अर्थ कुणी काढत नाही; शनिवारी चारला, एकटीलाच, शहरातल्या कॅफेत बोलावलं तर तिला विचार करावा लागेल. तसं मनात नसेल तर आणखी एका सहकाऱ्याचं नाव मेसेजात घालावं, म्हणजे प्रश्नच मिटला.

ऑफिसची कॉफी बहुतेक ठिकाणी फुकट असते, तिथं पैशाचा प्रश्न येत नाही. कॅफेत जायचं ठरलं की येतो. तिथला रिवाज असा की ज्यानं त्यानं आपापलं द्यायचं, आणि बोलावणाऱ्यानं पाकीट काढावं अशी कुणाची अपेक्षा नसते. तुम्हालाच द्यायचं असेल तर मेसेजातच ‘याग ब्युदर’, म्हणजे मी देतो, असं लिहून टाका. काउंटरवर ‘मी देतो, मी देतो’ अशी झोंबाझोंबी करू नका, मागची रांग बघत असते. बहुधा समोरून ‘मग पुढच्या वेळी मी’ असं येईल, आणि ते खरं असतं. तुम्ही हसून सोडून दिलंत तरी ती विसरणार नाही. एकानं दिलं आणि नंतर वाटून घ्यायचं झालं, तर मोबाइलवरून स्विश करतात, आपल्या यूपीआयसारखं. पण स्विशला स्वीडिश बँकेचं खातं आणि बँक-आयडी नावाचा डिजिटल ओळखपुरावा लागतो, तो नव्यानं आलेल्याकडे सुरुवातीला नसतो. तोवर कार्डानं आपापलं द्यावं, हेच सोपं.

उत्तर काय येईल? ‘यार्ना!’ आलं तर त्याचा अर्थ ‘आनंदानं’. नुसता अंगठा आला तरी तो पूर्ण होकार आहे, रुसवा नव्हे. ‘आज नाही, गुरुवारी?’ आलं तर तिला खरंच यायचंय. लगेच गुरुवार पक्का करा. ‘वी फोर से’, म्हणजे बघू या, आलं तर तो बहुतेक वेळा आपल्या ‘बघू’सारखाच नकार आहे, मागे लागू नका. आणि अडीचला दहा मिनिटं कमी असताना ‘याग वाब्बार’ असं आलं तर घाबरू नका. मूल आजारी पडलंय, त्याच्यासाठी ती घरी थांबलीय. त्या रजेला कायद्याचं पाठबळ आणि भत्ता आहे, आणि फेब्रुवारीत तर निम्मं ऑफिस अशा रजेवर असल्यासारखं वाटतं. यातल्या कुठल्याही नकाराला एकच उत्तर पुरतं:

```
Ingen fara! En annan dag.
```

काही हरकत नाही, पुन्हा कधी. इथं थांबायचं. ‘अहो, पाचच मिनिटं’, ‘मग उद्या?’, ‘मग परवा?’ हा पंगतीतला आग्रह आहे, आणि पंगतीत जिलबी नको म्हणणाऱ्याला ती हवी असते हे आपल्याला ठाऊक असतं. स्वीडिश माणसाच्या नाहीमागं असं काही लपलेलं नसतं. पुन्हा विचारायचं तर आठवड्या-दोन आठवड्यांनी, नव्या निमित्तानं.

निमित्तं मात्र तिथल्या दिनदर्शिकेत भरपूर आहेत, आणि ती असली की मेसेज आणखी छोटा होतो. 4 ऑक्टोबर हा 1999पासून दालचिनीच्या बनांचा दिवस. डिसेंबरात, 13 तारखेच्या लुसिया या सणाच्या आसपास, केशर घातलेले पिवळेधमक बन येतात, त्यांच्या वळणात मनुका खोचलेल्या असतात. आणि ईस्टरच्या सत्तेचाळीस दिवस आधीच्या मंगळवारी सेमला: वेलदोड्याचा बन, आत बदामाचा गर, वर फेटलेल्या क्रीमचा डोंगर. त्या दिवशी ‘सेमला? 14.30?’ एवढं पाठवलं तरी भागतं. नाही म्हणणारा विरळा.

पुण्यात बसून स्टॉकहोमच्या सहकाऱ्याशी पडद्यावर फीका करायचा असेल तर वेळ त्यांच्या घड्याळानं लिहावी आणि शेजारी तसं नमूद करावं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत आपण साडेतीन तास पुढं असतो, उरलेल्या महिन्यांत साडेचार. त्यांचा सकाळचा 9.30 म्हणजे आपला उन्हाळ्यात दुपारचा एक, हिवाळ्यात दोन. डबा झाल्यावरच्या चहाला हे छान बसतं. त्यांचा अडीच मात्र आपल्याकडे सहा किंवा सात वाजवतो, आणि तेव्हा निम्मी मंडळी घरच्या वाटेवर असतात. घड्याळ बदलतं त्या सोमवारी आधी ठरलेली फीका तासभर हुकते, तेवढं लक्षात ठेवावं.

जुलैत मात्र कुणाला काही पाठवू नये. उन्हाळ्यात सलग चार आठवड्यांची रजा हा कायद्यानं दिलेला हक्क आहे, आणि बहुतेक जण ती जुलैतच घेतात. मेसेज वाचला जाईल, उत्तर ऑगस्टात येईल. त्यातही तारीख नसेल, नुसतं ‘v. 34’ असेल. म्हणजे वर्षाचा चौतिसावा आठवडा, साधारण ऑगस्टचा तिसरा. तिथं सगळे आठवड्याच्या आकड्यांत बोलतात, तेव्हा फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवडा क्रमांक दाखवण्याची सोय चालू करून ठेवा आणि उत्तरात वार, तारीख आणि 14.30 घाला.