चाई, नागीण आणि माझा चुकलेला शब्द

ऑगस्टमधला सोमवार होता. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, नाशिकच्या गोदाघाटावरचा दुतोंड्या मारुती कमरेपर्यंत बुडालेला. त्यामुळे गावाकडचे पेशंट येणार नाहीत असं धरून मी सकाळी निवांत बसले होते. दहाच्या सुमाराला निफाडकडची एक मायलेकींची जोडी भिजत आत आली. मुलगी सत्तावीस वर्षांची, एका पतसंस्थेत क्लार्क. पाच महिन्यांपासून माझ्याकडे चाईसाठी टोफासिटिनिबच्या गोळ्या घेत होती.

"मॅडम, गोळी उष्ण पडली हिला," आई बसायच्या आधीच म्हणाली.

पोरीने कुर्त्याची मागची बाजू उचलली. उजव्या बाजूला, पाठीच्या कण्यापासून छातीच्या खालपर्यंत, गेरूचा जाड लेप वाळून तडकला होता. कोमट पाण्याने भिजवून मी तो हलक्या हाताने काढला. खाली लाल पट्ट्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचे घोस होते आणि पट्टा मधल्या रेषेवर येऊन थांबला होता. नागीण.

आधीची गोष्ट थोडी सांगायला हवी. तिला चाई होती, तीही एखाद्या रुपयाएवढी नव्हे. डोक्यावरचे नव्वद टक्क्यांहून जास्त केस गेले होते, भुवया आणि पापण्याही गेल्या होत्या. नाशिकमध्ये गाडीवरच्या निम्म्या मुली स्कार्फ बांधून फिरतात, म्हणून रस्त्यावर तिचं निभत होतं. ऑफिसात काढावा लागे. छोट्या चट्ट्यात स्टेरॉइडची इंजेक्शनं देता येतात, पण अख्ख्या डोक्यात किती टोचणार? स्टेरॉइडच्या गोळ्या तिने आधी दुसरीकडे घेतल्या होत्या. केस आले, वजन अकरा किलोने वाढलं, गोळ्या थांबल्यावर केस पुन्हा गळाले.

चाईत केसांची मुळं मरत नाहीत. आपल्याच रोगप्रतिकारक पेशी त्यांच्यावर चालून येतात. त्या पेशींना हल्ल्याचा निरोप ज्या वाटेने पोचतो, ती वाट जॅक इनहिबिटर गोळ्या अडवतात. याच गटातल्या बॅरिसिटिनिबला अमेरिकेत जून 2022 मध्ये तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. तिच्या मोठ्या चाचण्यांत 4 मिलिग्रॅमच्या डोसवर 36 आठवड्यांनी शंभरातल्या साधारण 35 ते 39 जणांचं डोकं ऐंशी टक्के किंवा जास्त भरलं. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांना तोवर तेवढं यश मिळालं नाही, हे मी प्रत्येकाला आधी सांगते. टोफासिटिनिबही त्याच गटातली, मूळची संधिवाताची गोळी. चाईसाठी तिला अशी मान्यता नाही, पण तिचा माझा अनुभव जास्त आणि तिची जेनेरिक त्यांना परवडण्यासारखी होती. हेही सांगून, सही घेऊन, 5 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू केलं.

सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, शरीरात लपलेल्या टीबीची रक्ततपासणी, कावीळ बी आणि सी, एचआयव्ही, हिमोग्लोबिन आणि पांढऱ्या पेशी, लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल एवढं पाहिलं. सुरुवातीच्या तपासण्यांनाच पाच-साडेपाच हजार गेले. गोळ्यांचे महिन्याला दोन हजारांच्या आत बसत. वडिलांचा कांदा. भाव पडले तेव्हा पोरीने कुणालाही न सांगता महिनाभर एकच गोळी घेतली होती. शिल्लक पट्ट्या मोजल्यावर मला ते कळलं. त्यानंतर तिच्या भावाला शहरातून स्वस्तातली, पण कायम एकाच कंपनीची जेनेरिक आणायला सांगितलं आणि दोन गोळ्या नियमित झाल्या. चौथ्या महिन्यात कपाळावरून बोटभर केस उगवले होते.

आता ती समोर रडत होती. फोड शुक्रवारी संध्याकाळी आले होते, दुखणं त्याच्या आदल्या दिवशीचं. शनिवारी गावातल्या एकाने मंत्र टाकून गेरू लावला. "दोन्ही तोंडं जुळली की माणूस जातो म्हणतात," आई म्हणाली. मी त्यांना सांगितलं की हा विषाणू लहानपणीच्या कांजिण्यांचा असतो. तो पाठीच्या नसेच्या मुळाशी झोपून राहतो आणि उठला की त्या एकाच नसेच्या वाटेने बाहेर येतो, म्हणून पट्टा एका बाजूलाच राहतो. पण ही गोळी घेणाऱ्यात तो अंगभर पसरू शकतो, आणि ती भीती खोटी नाही. चाईचा निरोप अडवणारी गोळी विषाणूविरुद्धचा निरोपही अडवते.

मी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. दुसऱ्या बाजूला फोड नव्हते, डोळ्यापाशी किंवा नाकाच्या शेंड्यावर काही नव्हतं, ताप नव्हता, दम लागत नव्हता. यातलं एकही असतं तर तिला थेट ॲडमिट केलं असतं. बहात्तर तासांच्या आतच त्या पोचल्या होत्या, विषाणूवरचं औषध तेवढ्या वेळात सुरू झालं तर सर्वांत उपयोगी. व्हॅलासायक्लोव्हिर एक ग्रॅम दिवसातून तीनदा, सात दिवस. किडनीसाठी क्रिएटिनिन पाहून डोस कायम केला. टोफासिटिनिब बंद.

"मॅडम, केस पुन्हा जातील?"

"दोन-तीन आठवडे थांबवल्याने सहसा लगेच जात नाहीत, बेटा. महिनोनमहिने थांबलीस तर जातील."

मग आईने पिशवीतून दहा दिवसांपूर्वीचे रिपोर्ट काढले. "सगळं नॉर्मल आलं होतं ना? म्हणून आम्ही फोन नाही केला."

ते वाक्य मला फार लागलं. रिपोर्ट खरोखरच चांगले होते. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी चौदाशे, लिव्हर ठीक, कोलेस्टेरॉल थोडं वाढलेलं. सुरू केल्यावर चार ते आठ आठवड्यांनी आणि मग दर तीन महिन्यांनी करायच्या या तपासण्यांत पेशी घटल्या, लिव्हरवर ताण आला, चरबी वाढली, हे दिसतं. उद्या उठणारी नागीण त्यात दिसत नाही. मी पहिल्या दिवशी तिला 'हर्पीस झोस्टर होऊ शकतो' असं सांगितलं होतं आणि सहीच्या कागदावरही तेच छापलेलं होतं. नागीण हा शब्द मी उच्चारलाच नव्हता. घरात सगळ्यांना ठाऊक असलेला शब्द मी वापरला असता, तर ही माणसं शुक्रवारी रात्रीच फोन करती आणि गेरूवाल्याकडे गेलीच नसती.

सोळाव्या दिवशी खपल्या पडल्या होत्या, दुखणं ओसरलं होतं. पेशी पुन्हा मोजून गोळी परत सुरू केली. नागिणीची लस आहे, पण दोन डोसांचा खर्च त्यांच्या कित्येक महिन्यांच्या गोळ्यांएवढा. तो विषय मी मांडला, निर्णय त्यांच्यावर सोडला. सहीचा कागद मात्र त्याच आठवड्यात बदलला. आता त्यात वर मोठ्या अक्षरांत आहे: अंगाच्या एकाच बाजूला आग होऊन फोड आले तर ती नागीण, त्याच दिवशी फोन करा. ताप, पंधरा दिवसांवर खोकला, एका पायाला सूज, छातीत दुखणं किंवा अचानक दम, यासाठीही रिपोर्टची वाट पाहू नका.

डिसेंबरात ती वडिलांबरोबर आली, स्कार्फ गळ्यात. केस कानांवर येत होते, डावी भुवई अजून विरळ. वडिलांनी कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "गोळी बंद कधी व्हायची, मॅडम?"

मी म्हणाले, केस पूर्ण भरल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवू, मग हळूहळू कमी करून बघू, आणि तेव्हाही पुन्हा गळू शकतात. त्यांनी मनात हिशेब केला, मान हलवली आणि मार्चची तारीख लिहून घेतली.